पट्टी चुंबकाच्या आत B आणि H वेगळे का निघतात: चुंबकन धरून पायरीपायरीने मांडणी

चुंबकाच्या बाहेर B आणि H यांची दिशा एकच असते आणि दोघांत फक्त μ₀ या स्थिरांकाचा फरक असतो. म्हणून H म्हणजे वेगळ्या एककात लिहिलेला B अशी समजूत होते. तीच समजूत घेऊन चुंबकाच्या आत शिरलं की गणित बिघडतं, कारण आत या दोन क्षेत्रांच्या दिशा एकमेकींच्या उलट असतात. बहुतेक चुका सूत्र चुकल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात: चुंबकन M ठरवण्याआधीच B किंवा H काढायला घेतला जातो. खालचा क्रम एका ठरावीक चुंबकावर शेवटपर्यंत चालवून दाखवला आहे.

## तयारी: चुंबक, अक्ष आणि एकके

उदाहरणाचा चुंबक निओडिमियमचा, दंडगोलाकृती आहे. व्यास १० मिमी, म्हणजे त्रिज्या a = ५ मिमी, आणि लांबी L = २० मिमी. चुंबकन लांबीच्या दिशेने आहे. पदार्थाचा रेमनन्स B_r = १.२ टेस्ला धरला आहे. चौकोनी पट्टीत सूत्रं लांबलचक होतात, पण तर्क हाच राहतो, म्हणून गोल दांडी घेतलेली बरी.

कागदावर अक्ष काढा. z = ० हा बिंदू चुंबकाच्या बरोबर मध्यात ठेवा आणि +z दिशा उत्तर ध्रुवाकडे. यापुढची सगळी चिन्हं या एका रेघेवर अवलंबून आहेत.

एककांचा घोळही आत्ताच मिटवा. या लेखात B टेस्लामध्ये आहे, तर H आणि M दोन्ही अँपिअर प्रति मीटरमध्ये. यांना जोडणारं नातं एकच:

```
B = μ0 (H + M)
μ0 = 1.2566 × 10⁻⁶ T·m/A
```

इशारा: चुंबकाच्या माहितीपत्रकात आकडे बरेचदा गाउस आणि ओर्स्टेडमध्ये असतात. त्या पद्धतीत नातं B = H + 4πM असं आहे. दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच समीकरणात घातले, तर 4π ची चूक होते आणि ती नजरेला पटकन दिसत नाही. आधी सगळं एकाच पद्धतीत आणा.

## पायरी १: सर्वांत आधी M

M म्हणजे पदार्थाच्या एकक घनफळातलं चुंबकीय आघूर्ण. ते पदार्थाच्या आतच असतं, बाहेर शून्य. रेमनन्सची व्याख्या H = ० असताना उरलेला B अशी आहे, म्हणून वरच्या नात्यातून M थेट मिळतं:

```
M = B_r / μ0
```

१.२ भागिले १.२५६६ × १०⁻⁶ केलं की सुमारे ९५५ किलोअँपिअर प्रति मीटर येतात. M ची दिशा दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे, म्हणजे आपल्या अक्षावर +z. सगळ्यात जास्त चुकणारा बाण हाच. बाहेरच्या बलरेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना पाहायची सवय असते आणि आतही तोच बाण काढला जातो.

इथे एक गृहीत मान्य करावं लागतं: M सगळ्या चुंबकात सारखं आहे आणि H मुळे फारसं बदलत नाही. निओडिमियमसाठी हे चांगलंच खरं आहे. किती खरं, ते पायरी ५ मध्ये मोजू. अल्निकोसाठी ते खरं नाही आणि मऊ लोखंडासाठी तर मुळीच नाही.

तपासणी: M × L = ९५५ × १००० × ०.०२ ≈ १९,१०० अँपिअर. चुंबकाच्या वक्र पृष्ठभागावरून फिरणारी एकूण बद्ध विद्युतधारा, म्हणजे पदार्थाच्या अणूंतल्या धारांची बेरीज, इतकी आहे. बोटभर चुंबकाच्या जागी तेवढ्याच आकाराचं नालकुंतल ठेवायचं, तर त्यात इतके अँपिअर-वेढे लागतील. आकडा मोठा वाटला तरी बरोबर आहे.

## पायरी २: B काढा, बद्ध धारेवरून

B चा उगम विद्युतधारेत असतो, मग ती तारेतली मुक्त धारा असो किंवा पदार्थातली बद्ध धारा. आपल्याकडे मुक्त धारा नाहीच. सारखं चुंबकन असलेल्या दांडीत बद्ध धारा फक्त वक्र पृष्ठभागावर उरते, दर मीटर लांबीला M अँपिअर या प्रमाणात. म्हणून अक्षावरचा B आखूड नालकुंतलाच्या सूत्राने मिळतो:

```
B(z) = (μ0 M / 2) × [ (z + L/2) / √((z + L/2)² + a²)
                    − (z − L/2) / √((z − L/2)² + a²) ]
```

हे सूत्र आत आणि बाहेर दोन्हीकडे चालतं. मध्यबिंदूवर z = ० घातलं की कंसातली दोन्ही पदं सारखी होतात: १० भागिले √१२५, म्हणजे ०.८९४४. म्हणून B = १.२ × ०.८९४४ = १.०७३ टेस्ला, दिशा +z.

B नेहमी बंद वळसा पूर्ण करतो. बाहेर तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि आतून दक्षिणेकडून उत्तरेकडे परततो. उत्तर ध्रुवावर तो सुरू होत नाही की दक्षिण ध्रुवावर संपत नाही. रेषा ध्रुवांवर संपवलेली आकृती तुमच्यासमोर असेल, तर ती B ची नाही. ती H ची तरी आहे, नाहीतर सरळ चुकीची आहे.

तपासणी: आखूड चुंबकाच्या मध्यातला B रेमनन्सपेक्षा कमीच यायला हवा. बरोबर १.२ आला, तर वर्गमुळाखाली a² टाकायचा राहिला आहे.

## पायरी ३: H काढा, टोकांवरून

आता H दुसऱ्या वाटेने, B चा आधार न घेता काढू. ही वाट वेगळी ठेवण्यामागे कारण आहे: शेवटी दोन्ही उत्तरं जुळवून पाहता येतात.

मुक्त धारा नसेल तेव्हा H चा उगम M जिथे अचानक संपतं तिथे असतो. दांडीत ते दोन सपाट टोकांवर घडतं. उत्तर टोकावर +M इतकी पृष्ठीय ध्रुवघनता आणि दक्षिण टोकावर −M असं धरायचं. पुढचं गणित विद्युतभारित चकत्यांसारखंच आहे. हे ध्रुव म्हणजे प्रत्यक्षात सुटे करता येणारे भार नव्हेत, ही हिशोबाची सोय आहे. पण H साठी ती अगदी अचूक सोय आहे.

चकतीपासून d अंतरावर अक्षावरचा H:

```
H = (M / 2) × [ 1 − d / √(d² + a²) ]
```

मध्यबिंदूपासून प्रत्येक टोक १० मिमीवर आहे. एका चकतीचा वाटा ४७७.५ × (१ − ०.८९४४) ≈ ५०.४ किलोअँपिअर प्रति मीटर. उत्तर टोक H ला आपल्यापासून दूर ढकलतं, दक्षिण टोक आपल्याकडे ओढतं. मध्यबिंदूवर दोघांचीही दिशा −z. म्हणून बेरीज −१००.८ किलोअँपिअर प्रति मीटर.

सगळा फरक इथे दिसतो. M उत्तरेकडे, B उत्तरेकडे, पण H दक्षिणेकडे. या उलट्या H ला विचुंबकन क्षेत्र म्हणतात, कारण ते M ला कमी करायला पाहतं.

तपासणी: B = μ₀(H + M) मध्ये घाला. ९५५ − १००.८ = ८५४.२ किलोअँपिअर प्रति मीटर; μ₀ ने गुणलं की १.०७३ टेस्ला. पायरी २ मधला आकडा जसाच्या तसा परत आला. जुळला नाही, तर आधी H चं चिन्ह पाहा.

इशारा: "तारेत धारा नाही, म्हणून H शून्य" हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार येतं. मुक्त धारा नसल्यामुळे फक्त इतकंच ठरतं की कुठल्याही बंद वाटेवर H ची एकूण बेरीज शून्य आहे. प्रत्येक बिंदूवर H शून्य आहे असं त्यातून निघत नाही.

## पायरी ४: टोकापाशी काय होतं ते पाहा

मध्यबिंदूवर थांबू नका. उत्तर टोकाच्या तोंडावर z = १० मिमी घातलं की B = ०.६ × २०/√४२५ = ०.५८२ टेस्ला, जवळपास रेमनन्सच्या निम्मा. आता याच बिंदूच्या केसभर आत आणि केसभर बाहेर H काढा.

| अक्षावरची जागा | B (टेस्ला) | H (किलोअँपिअर प्रति मीटर) |
|---|---|---|
| मध्यबिंदू | १.०७३ | −१००.८ |
| मध्यापासून ५ मिमी, आत | ०.९९३ | −१६४ |
| तोंडाच्या किंचित आत | ०.५८२ | −४९२ |
| तोंडाच्या किंचित बाहेर | ०.५८२ | +४६३ |
| तोंडापासून ५ मिमी बाहेर | ०.१६४ | +१३१ |

तिसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून वाचा. तोंड ओलांडताना B ला काहीच होत नाही. H मात्र −४९२ वरून +४६३ वर उडी घेतो, आणि उडी आहे ९५५ ची, म्हणजे बरोबर M इतकी. पृष्ठभागाला लंब असलेला B चा घटक सलग राहतो, H चा राहत नाही.

बाजूच्या वक्र पृष्ठभागावर नेमकं उलट घडतं. तिथे पृष्ठभागाला समांतर असलेला H चा घटक सलग असतो. चुंबकाच्या कमरेपाशी आतला H दक्षिणेकडे आणि लगेच बाहेरचा H ही दक्षिणेकडेच. B मात्र आत उत्तरेकडे आणि बाहेर दक्षिणेकडे, कारण मधल्या कडेवरून बद्ध धारा वाहते आहे.

इशारा: गाउसमीटर चुंबकाच्या तोंडाला लावून आलेलं वाचन म्हणजे B_r नव्हे. लांब दांडीतही ते B_r च्या निम्म्यापुढे जात नाही. त्यात हॉल संवेदक प्रोबच्या आवरणाखाली थोडा आत असतो. तो तोंडापासून अर्धा मिमी दूर असला, तरी आपल्या चुंबकावर ०.५८ ऐवजी ०.५२ टेस्लाच दिसतील. चुंबक कमजोर निघाला असा निष्कर्ष काढण्याआधी हे अंतर हिशोबात घ्या.

## पायरी ५: बंद वळशाने पडताळा

सुट्या बिंदूंवरची गणितं जुळली, तरी चिन्हाची एखादी चूक लपून राहू शकते. ती पकडायला अक्षाच्या एका टोकाकडच्या अनंतापासून दुसऱ्या टोकाकडच्या अनंतापर्यंत H ची बेरीज करा. परतीची वाट खूप दुरून नेली की तिचा वाटा नगण्य असतो, म्हणून हा बंद वळसाच धरता येतो.

चुंबकाच्या आतल्या २० मिमीमध्ये B चं समाकलन μ₀M(√(L² + a²) − a) येतं. त्याला μ₀ ने भागून ML वजा केलं की H चा आतला वाटा मिळतो: ९५५ × (१५.६१५ − २०) ≈ −४,१८७ अँपिअर. बाहेरच्या दोन्ही बाजू मिळून येतात +४,१८७ अँपिअर. बेरीज शून्य, जशी मुक्त धारा नसताना यायलाच हवी. बाहेर H सरळ आहे, म्हणून आत तो उलटा असण्यावाचून गत्यंतर नाही. मुळात H चं चिन्ह लक्षात ठेवायची गरजच पडत नाही.

B ची तीच बेरीज केली तर ती μ₀ × १९,१०० येते, म्हणजे पायरी १ मधली बद्ध धारा.

आता M न बदलण्याचं गृहीत. निओडिमियमची परतीची सापेक्ष पारगम्यता साधारण १.०५ असते, म्हणजे १०१ किलोअँपिअर प्रति मीटरच्या उलट्या H ने M सुमारे ५ किलोअँपिअर प्रति मीटरने घटतं. ९५५ मध्ये हा अर्धा टक्का झाला. हातातल्या मोजणीसाठी सोडून द्यायला हरकत नाही.

इशारा: आतल्या B आणि H वरून B = μ₀μᵣH लिहून μᵣ काढू नका. आपल्या मध्यबिंदूवर तो −८.५ येईल. हा आकडा पदार्थाचा गुण नाही, तो चुंबकाच्या आकाराचा आहे. दांडीची लांबी बदलली की तोही बदलतो. कायम चुंबकासाठी नातं M सकटच लिहावं लागतं.

## पायरी ६: मोजून पाहायचं असेल तर

सलग पदार्थाच्या आत प्रोब घालता येत नाही. पोकळी करावी लागते, आणि पोकळीचा आकार ठरवतो की वाचन B चं येईल की H चं. या पायरीत गोंधळ फार होतो, म्हणून दोन मांडण्या वेगवेगळ्या करा.

B साठी आडवी फट. १० मिमी व्यासाचे, १० मिमी लांबीचे दोन चुंबक विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवून मध्ये १ मिमीची फट ठेवा. फट M ला लंब आहे, म्हणून तोंड ओलांडताना B सलग राहतो आणि प्रोब जवळपास आतला B दाखवतो. अपेक्षित वाचन ०.९६ टेस्ला. फटीच्या जागी १ मिमीची चकती असती, तर तिने आणखी सुमारे ०.१२ टेस्ला भर घातली असती. तेवढे मिळवले की २१ मिमीच्या सलग दांडीच्या मध्यातला १.०८ टेस्ला येतो. फट अरुंद करत गेलात, तर ही दुरुस्तीही घटत जाते.

फट राखायला प्रोबपेक्षा जाड पितळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही कडांना आधी बसवा. हे दोन चुंबक १ मिमीवर वीस-पंचवीस न्यूटनने एकमेकांना ओढतात. पट्टी नसेल तर प्रोब चिरडतो. पट्टी लोखंडी असेल, तर फ्लक्स तिच्यातून वळतो आणि वाचन कमी येतं.

H साठी उभं छिद्र. त्याच मापाची, पण अक्षाच्या दिशेने ३ मिमी व्यासाचं आरपार छिद्र असलेली नळी घ्या. अशा कड्या एकावर एक रचूनही २० मिमी उंची होते. छिद्र M ला समांतर आहे, म्हणून त्याच्या भिंतीपाशी H सलग राहतो. छिद्रात M शून्य असल्याने प्रोब जो B दाखवतो तो μ₀H च असतो. मध्यात अपेक्षित वाचन −०.११३ टेस्ला. छिद्र बारीक केलं तर ते सलग दांडीच्या −०.१२७ कडे सरकतं.

अक्षीय प्रोब लागेल, बाजूने मोजणारा चपटा प्रोब इथे निरुपयोगी. आधी प्रोब चुंबकापासून दूर धरून शून्य करा. मग उत्तर टोकाबाहेर ५ मिमीवर धरा: या नळीसाठी +०.१४ टेस्ला दिसायला हवेत. तिथून प्रोब न फिरवता सरळ आत सरकवा. तोंडापाशी वाचन शून्याजवळ येऊन चिन्ह उलटलेलं दिसेल, तोंडाच्या दोनेक मिमी आत ऋण आकडा सर्वांत मोठा होईल आणि तिथून मध्याकडे जाताना कमी होत जाईल.

तपासणी: चिन्ह उलटलंच नाही, तर दोन शक्यता आहेत. प्रोबचा संवेदक अजून आत पोचलेलाच नाही; तो टोकापासून किती अंतरावर बसवला आहे ते पाहा. नाहीतर नळीचं चुंबकन अक्षीय नसून त्रिज्यीय किंवा व्यासाच्या दिशेने आहे.

इशारा: छिद्रातलं ऋण वाचन पाहून "चुंबकाच्या आत B उलटा असतो" असं लिहू नका. ते छिद्रातल्या हवेतलं B आहे. भिंतीपलीकडे पदार्थात H तेवढाच आहे, पण त्यात M मिळतं आणि B पुन्हा उत्तरेकडे वळतो.

## पायरी ७: आकार बदला आणि तोच क्रम पुन्हा चालवा

व्यास १० मिमीच ठेवून जाडी २ मिमी करा. मध्यबिंदूवरचं गुणोत्तर १ भागिले √२६, म्हणजे ०.१९६. B उतरतो ०.२३५ टेस्लावर आणि H जातो −७६८ किलोअँपिअर प्रति मीटरवर. पदार्थ तोच, M तेच. दोन टोकं जवळ आली एवढंच. उलट १०० मिमीच्या दांडीत मध्यातला H जेमतेम −४.७ उरतो आणि B जवळपास १.२ टेस्ला होतो.

या चकतीत H आणि B यांचा फरक कागदावरचा राहत नाही. साध्या निओडिमियम ग्रेडची अंतर्गत कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकन मोडायला लागणारा उलटा H, २० अंश सेल्सिअसला ९५५ किलोअँपिअर प्रति मीटरच्या आसपास असते, म्हणून खोलीच्या तापमानाला ७६८ चा उलटा H ती सहन करते. पण तापमान वाढलं की ही कोअर्सिव्हिटी दर अंशाला सुमारे ०.६ टक्के घटते. ८० अंशांना ती ६१० च्या जवळ येते. M त्या मानाने हळू, दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के घटतं, म्हणून उलटा H तोवर ७१० च्या आसपासच असतो. H ने मर्यादा ओलांडली, म्हणून चकतीच्या मधल्या भागाचं चुंबकन कायमचं कमी होतं आणि चकती थंड झाल्यावर परत येत नाही. २० मिमीच्या दांडीत मध्यभागी १०१ चा H असल्याने तिथे त्याच तापमानाला काही बिघडत नाही. धोका असलाच तर टोकांजवळ, जिथे आतला H ४९२ पर्यंत चढलेला असतो, आणि तोही ८० अंशांना मर्यादेच्या आतच राहतो.

माहितीपत्रकावर दिलेलं कमाल तापमान वाचताना म्हणूनच आधी आपल्या चुंबकाचा L/a काढा, त्यावरून आतला H, आणि मग त्या तापमानाच्या वक्राशी तो ताडून पाहा.